सुधारित आवृत्तीतलं दार

चष्म्याच्या दुकानदाराने भिंग फडक्याने पुसता पुसता, वर न बघताच विचारलं, "ती हिरवी छत्री का काढलीत हो?" आणि समोर उभा असलेला लेखक दचकला. क्षणभर त्याला कळेचना की कुठली छत्री. तो बहिणीचा नवा चष्मा न्यायला आला होता, हातात पावती होती, बाहेर ऊन होतं. मग एकदम लक्षात आलं. दुकानदाराने चष्मा उजेडात धरला, एक डोळा मिटून आरपार पाहिलं आणि म्हणाला, "कॉलेजात असताना वाचली होती तुमची कादंबरी. परवा मुलीसाठी नवी सुधारित आवृत्ती घेतली, सहज चाळायला बसलो. शेजारीण छत्री विसरून जाते, ती खुंटीला तशीच लटकत राहते, शेवटपर्यंत कोणी न्यायला येत नाही. नव्यात म्हटलं आता येईल, मग येईल. आख्खं पुस्तक संपलं, छत्रीचा पत्ता नाही." लेखक हसला. "ती फार ठळक वाटत होती," तो म्हणाला, "मुद्दाम टांगल्यासारखी." "अहो, पण होती ना टांगलेली," दुकानदार म्हणाला. "तुम्ही टांगलीत आणि तुम्हीच काढलीत. आम्ही मधल्या मधे भिजलो." गल्ल्यावर बसलेली त्याची मुलगी खुदकन हसली. तोही हसला, आणि त्या हसण्यात सुटका होती हे त्याचं त्यालाच जाणवलं. कारण छत्रीबद्दल त्याला कोणी काहीही विचारलं असतं तरी चाललं असतं. भीती होती ती दुसऱ्याच प्रश्नाची, आणि तो प्रश्न आवृत्ती बाजारात येऊन एवढे दिवस झाले तरी कोणीच विचारलेला नव्हता.

चष्म्याची डबी खिशात घालून तो रस्त्यावर आला. अक्काचं घर चालत जाण्याच्या अंतरावर होतं, पण आज त्याने लांबचा रस्ता धरला. तिच्याकडे नवी आवृत्ती तो स्वतःच देऊन आला होता, आणि तेव्हा अक्का म्हणाली होती, "ठेव तिथे. नवा चष्मा आला की वाचते. या जुन्या चष्म्यातून मला अक्षरं म्हणजे मुंग्या दिसतात, आणि मुंग्या कोण वाचत बसणार?" पुस्तक तिच्या उशाशी तसंच पडून होतं. म्हणजे आता ती ते वाचणार होती, आणि तिने वाचावं म्हणूनच तर त्याने सगळं केलं होतं. प्रस्तावनेत त्याने लिहिलं होतं की पहिल्या आवृत्तीत राहून गेलेल्या काही चुका या निमित्ताने दुरुस्त केल्या आहेत, काही ठिकाणी भाषा सैल होती ती आवळली आहे, बाकी कादंबरी आहे तशीच आहे. तीन वाक्यं. पहिली दोन खरी होती.

तिसऱ्याचा हिशेब असा होता. प्रकाशक वारल्यावर त्यांच्या मुलीने कारभार हातात घेतला आणि एक दिवस तिचा फोन आला. "काका, इतकी वर्षं आपण नुसतं पुनर्मुद्रण करत आलो. जुन्या पानांचेच फोटो काढून पुन्हा पुन्हा छापलंय. आता ती पानं इतकी फिकट झालीत की अनुस्वार आणि कागदावरचा ठिपका यात फरक कळत नाही. सगळं नव्याने टाइप करून घ्यायला लागणार. म्हणजे काही बदलायचं असेल तर आत्ताच. एकदा पानं लागली की मग मी एक वेलांटीही हलवू देणार नाही, वडलांची शपथ." तिचे वडीलही असंच बोलायचे. पहिल्या आवृत्तीच्या वेळी त्यांनी त्याच्याकडून एक आख्खं प्रकरण काढून घेतलं होतं, कारण एका वेळी सोळा पानं छापणाऱ्या फर्म्यात पानांचा हिशेब बसत नव्हता. उरलेल्या चार-पाच पानांसाठी नवा फर्मा कोण घालणार? तेव्हा तो तरुण होता, वर्तमानपत्रात बातम्या कापायच्या टेबलावर बसत असे, आणि आपलंच प्रकरण कापताना त्याला रडू आलं होतं. आता तीस वर्षांनी ते प्रकरण शोधून पाहिलं तर ते मुळातच नको होतं. मृत प्रकाशकाबद्दल त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कृतज्ञता वाटली, आणि थोडा रागही. माणसं बरोबर असतात तेव्हा मेलेली का असतात, असं काहीतरी.

पण बदलायला बसल्यावर हात थांबेना. बायको म्हणाली, "घराला रंग द्यायला काढला की हेच होतं. आधी एक भिंत, मग म्हणे ती पलीकडची काळवंडलेली दिसते." सुरुवात चुकांपासून झाली. त्या साध्या होत्या. दुसऱ्या प्रकरणात आई डाव्या हाताने विणते आणि सातव्यात उजव्या हाताने दिवा लावते. लागोपाठच्या दोन शनिवारी पौर्णिमा येते. धाकट्या भावाचं वय एका ठिकाणी अकरा, एका ठिकाणी तेरा. पहिल्या आवृत्तीची मुद्रितं त्याला घाईत तपासावी लागली होती, आणि लिहिणाऱ्याचा डोळा आपल्याच मजकुरात कागदावर काय आहे ते बघत नाही, आपण काय लिहिलं होतं ते बघतो. मग विशेषणं. तिशीतला तो कुठल्याही संध्याकाळीला एकटी सोडत नसे, तिच्यामागे उदास लावी. ती सगळी उदास त्याने खुडून टाकली. मग छत्री. एका समीक्षकाने कधीकाळी तिच्यावर दोन पानं लिहिली होती, छत्री म्हणजे हरवलेलं मातृछत्र वगैरे. तेव्हापासून त्याला ती खुंटीवर दिसली की अंगावर पाल पडल्यासारखं होई. आणि शेवटचं वाक्य. 'ज्या घरात सुतार मेला, त्या घराची दारं नंतर कधीच नीट लागली नाहीत.' हे वाक्य लोकांनी फार वापरलं. भाषणात, मृत्युलेखात, एकदा तर फर्निचरच्या दुकानाच्या जाहिरातीत. त्याला ते वाक्य आता उसन्या कोटासारखं वाटायचं. त्याने ते काढून टाकलं आणि कादंबरी त्याआधीच्या साध्या वाक्यावर संपवली, 'धाकट्याने करवत खिळ्याला टांगली.'

आणि वाचकांच्या लक्षात आलं ते हेच. आधी तर त्यांना मुखपृष्ठ दिसलं, मग अक्षरांचा आकार. मग एकेकाचे फोन, एकेकाची पत्रं. शेवटचं वाक्य कुठे आहे? पान गळालंय का? एका प्राध्यापक बाईंनी कळवलं की त्यांच्या अभ्यासक्रमात त्या वाक्यावर प्रश्न असतो आणि मुलं नवं पुस्तक आणून विचारतात, वाक्य दाखवा. एका गृहस्थांना आईचा उजवा हात परत हवा होता. त्यांनी वर्षानुवर्षं असं धरलं होतं की आई मनाविरुद्ध काम करते तेव्हा उजवा हात वापरते, आणि आता सगळंच डाव्याने झाल्यावर ती बाई त्यांना सुखी वाटायला लागली होती. "तुमची चूक होती हे कबूल," ते फोनवर म्हणाले, "पण ती आमची झाली होती ना." लोकांना सुधारणा दिसत नाहीत, हे त्याला हळूहळू कळत गेलं. शेकडो वाक्यं त्याने पुसली, घासली, सरळ केली. त्यातलं एकही कोणाला जाणवलं नाही. जाणवलं ते फक्त रिकामं झालेलं. जिथे त्यांचा हात सवयीने जात होता तिथली वस्तू नसली की हात अधांतरी राहतो, तेवढंच. जीभ पडलेल्या दाताच्या जागी जाते, उरलेल्या एकतीस दातांची आठवण तिला नसते.

पण मग ते दार? दाराशी कोणाचाच हात गेला नव्हता. एवढी वर्षं ज्या प्रसंगावर लोक त्याच्याशी बोलत आले, ज्यावरून कादंबरीतल्या थोरल्या बहिणीला कोणी पाषाण म्हटलं, कोणी कैदाशीण, तो प्रसंग त्याने बदलला होता आणि वाचणारे त्यावरून सरळ चालत गेले होते. अर्थात त्याने ते केलंच होतं तसं. बातम्या कापणारा हात होता तो. पहिल्या आवृत्तीत असं होतं: बाप शेवटच्या घटका मोजतोय, धाकटा शाळेतून धावत येतो, थोरली त्याला पाहते आणि दार लावून आतून कडी घालते. धाकटा दारावर मुठी मारत राहतो. दार उघडतं तेव्हा बाप गेलेला असतो. का लावलं, हे कादंबरीत कुठेच नाही. नव्या आवृत्तीत थोरली धाकट्याला पाहायच्या आधीच खोलीचं दार नुसतं लोटते, दमट हवेने लाकूड फुगलेलं असतं, ते चौकटीत अडकून बसतं. ती आतून ओढते, तो बाहेरून ढकलतो. मुठी त्याच, बाप तसाच जातो. बदल मोजून दोन वाक्यांचा. वाचकाच्या मनात मुठी राहिल्या होत्या, कडी राहिली नव्हती.

तो बागेच्या कठड्याशी थांबला. आत कोणी म्हातारा माणूस बाकावर झोपला होता, तोंडावर वर्तमानपत्र. कडी काढायचं त्याने केव्हा ठरवलं हे त्याला नेमकं ठाऊक होतं. अक्काच्या मोतीबिंदूच्या वेळी तो तिच्याकडे राहायला गेला होता. दुपारी ती डोळ्यावर पट्टी बांधून पडलेली, आणि करायला काही नाही म्हणून त्याने तिच्या फळीवरचं आपलंच पुस्तक उचललं. पहिली आवृत्ती, त्याने सही करून दिलेली. ते त्याच्या हातात आपोआप उघडलं. म्हणजे त्याने उघडलं नाही. पुस्तकाचा कणा एका ठिकाणी मोडलेला होता, आणि तळहातावर ठेवताच ते दोन्ही बाजूंना निपचित पडलं. ते पान दाराचं होतं. कोपरा अंगठ्याने काळपट झालेला. बाकीचं पुस्तक कोरं करकरीत, आणि ते एकच पान इतकं मऊ की कापडासारखं वाटावं. त्याने चोरासारखं पुस्तक परत ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायला. ती बाई किती वेळा तिथे गेली असेल? बाबांच्या मागे जिने टेलिफोनच्या ऑफिसात रात्रपाळ्या करून त्याला शिकवलं, लग्नाचा विषय निघाला की "आधी चिमणचं होऊ दे" असं त्याचं नाव पुढे करून जिने तो विषयच संपवून टाकला, तिला त्याने सगळ्या जगासमोर त्या दारामागे उभं केलं होतं. तिशीत त्याला वाटलं होतं की हे धैर्य आहे. खरं लिहायचं, घरचं असलं तरी. तिने पुस्तक वाचून एवढंच म्हटलं होतं, "छान झालंय रे. कागद जरा जाड हवा होता." त्यावरून तिला काही लागलं नसावं असं त्याने ठरवून टाकलं होतं. आता ते पान सांगत होतं की लागलं होतं आणि अजून लागत होतं. प्रकाशकाच्या मुलीचा फोन पुढच्याच महिन्यात आला. बाकीच्या सगळ्या दुरुस्त्या, डावा हात, पौर्णिमा, छत्री, त्याने मनापासून केल्या हे खरं. पण त्या नसत्या तर ही एकटी दुरुस्ती उघडी पडली असती, हेही खरं. गर्दीत एखाद्याला लपवावं तसं त्याने त्या दोन वाक्यांना लपवलं होतं.

अक्काने दार उघडलं ते बोलतच. "ये. उशीर केलास. मला वाटलं चष्मेवाल्याने तुलाच एखादा बसवला." ती वाकली होती, केस विरळ झाले होते, पण आवाज अजून टेलिफोनवरचा होता, प्रत्येक अक्षर सुटं, समोरच्याला पुन्हा विचारायला न लावणारा. त्याने डबी दिली. तिने चष्मा घातला, खिडकीबाहेर पाहिलं, मग त्याच्याकडे. "अगं बाई, किती म्हातारा झालास रे चिमण! जुनाच बरा होता." "कोण, मी?" "चष्मा," ती म्हणाली आणि स्वतःच्या विनोदावर खोकेपर्यंत हसली. त्याने चहा ठेवला. तिच्या घरात चहा त्यानेच करायचा असा कधीपासूनचा नेम होता; ती म्हणायची, जगात एवढं एक काम तुला माझ्यापेक्षा बरं येतं. गॅसजवळ उभा असताना त्याला मागे पुस्तकाचा आवाज आला. नव्या पुस्तकाचा कणा उलगडताना होतो तसा, कुरकुर. तो वळला नाही. पानं उलटल्याचा आवाज, मग थांबणं, पुन्हा उलटणं, मागे, पुढे. "पान सरकलंय का रे?" तिने विचारलं. "अक्षरं मोठी केलीत ना, म्हणून पानं वाढली," तो म्हणाला. तिला ते पान आकड्याने पाठ होतं. पुन्हा कुरकुर. मग काहीच नाही. चहा वर आला, त्याने गॅस बारीक केला, आणि त्याला वाटलं की हा क्षण असाच राहावा. अजून तिने काही म्हटलेलं नाही, अजून त्याने तिला काहीतरी दिलेलं आहे.

"हे काय केलंस?" अक्का म्हणाली.

तो कप घेऊन समोर बसला. तिने बोट एका ओळीवर ठेवलं होतं. "म्हणजे, ते जरा..." "दार अडकलं?" "अक्का, तेव्हा मी लहान होतो लिहिताना. म्हणजे लहान नाही, पण अक्कल नव्हती. तुला वाईट वाटेल याचा विचारच केला नाही. म्हणून आता..." ती त्याच्याकडे बघत राहिली. नव्या भिंगातून तिचे डोळे मोठे दिसत होते. "बाबांच्या हातचं दार," ती म्हणाली. "सागाचं. वर्षभर लाकूड सुकवून मग बसवलं होतं त्यांनी. उंबऱ्यावर बसून रंधा मारत होते, मी लाकडाच्या कुरळ्या छिलक्यांशी खेळत होते. ते दार कधी म्हणून अडकलं नाही. पुरात अडकलं नाही. आणि ते मरत होते त्या दिवशी अडकलं असं तू छापलंस?" हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. दाराला दोष दिला तर तो कोणालाच लागणार नाही असं त्याने धरलं होतं. ते दार कोणी तरी केलेलं असतं, हे सुताराच्या मुलाला सुचू नये?

"आणि मी?" ती म्हणाली. "मी तिथे नव्हतेच का? नुसती आतून ओढत होते होय? वेडीबागडी?"

"मग का घातलीस कडी?" तो म्हणाला. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याने कधी विचारला नव्हता. कादंबरी लिहिली होती, विचारलं नव्हतं.

अक्काने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. "बाबांनी सांगितलं म्हणून," ती म्हणाली. "त्यांचं तोंड वाकडं झालं होतं. एक बाजू गेलीच होती. अंथरूण भरलं होतं, मी आवरत होते. तुझे बूट वाजले अंगणात. ते मला म्हणाले, म्हणजे शब्द नीट येत नव्हते, पण मला कळलं, चिमणला आत सोडू नको. सकाळी तुला पेन्सिलीला टोक काढून दिलं होतं त्यांनी. आपलं तेवढंच रूप तुझ्याकडे राहू दे म्हणत होते. मग मी उठले आणि कडी घातली. आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. तुझा एकेक बुक्का माझ्या पाठीत बसत होता रे. ते बघत होते माझ्याकडे. शेवटपर्यंत बघत होते की मी उघडते का." ती थांबली. "नाही उघडलं."

"सांगायचंस ना मला."

"काय सांगायचं? अकरा वर्षांच्या पोराला? आणि मग तू मोठा झालास तर तू लिहिलंसच. मी म्हटलं, अरे, याला कसं कळलं? कारण ठाऊक नाही तरी कडी बरोबर ऐकली याने. आतली कडी." तिने नवं पुस्तक मिटलं. ते मिटून घ्यायला तयार नव्हतं, नव्या बांधणीचं होतं, तिने त्यावर तळवा दाबून धरला. "लोक मला कैदाशीण म्हणाले का काय म्हणाले, म्हणेनात का. त्यांना काय ठाऊक? पण मी एक काम केलं होतं जन्मात, एकटीने, कोणाला न सांगता, आणि ते छापलेलं होतं. मी वाचायचे अधूनमधून. चूक केली का, म्हणून वाचायचे. बरोबर केलं, म्हणून पण वाचायचे. आता तू म्हणतोस लाकूड फुगलं." मग त्याचा चेहरा बघून ती म्हणाली, "चहा घे. साखर विसरलास ना? एवढं एक काम येत होतं, तेही गेलं."

दुसऱ्या दिवशी तो प्रकाशकाच्या मुलीसमोर बसला होता. खोलीत नव्या कागदाचा आणि खळीचा वास होता, भिंतीपाशी त्याच्याच पुस्तकाचे गठ्ठे सुतळीने बांधलेले. त्याने म्हटलं, शुद्धिपत्र घालता येईल का, छोटी चिठ्ठी, प्रत्येक प्रतीत, अमुक पानावर अमुकऐवजी तमुक वाचावे. तिने समजुतीने ऐकून घेतलं. "काका, शुद्धिपत्र चुकांसाठी असतं. टाइप करताना शब्द गळला, आकडा चुकला. हे तुम्ही स्वतः लिहून दिलंत, मुद्रितांवर सही केलीत. लेखकाचं मन बदललं याचं शुद्धिपत्र घातलं तर वाचणाऱ्याने काय समजायचं?" मग तिने विचारलं, "एवढं काय आहे त्यात? मी दोन्ही वाचलीत. मला तर फरक जाणवलाच नाही." तो म्हणाला, "बरोबर आहे." ती म्हणाली की फायलीत दुरुस्ती करून ठेवते, पुढच्या आवृत्तीला लागेल. तिने ती त्याच्यासमोर केली. दोन वाक्यं गेली, जुनी दोन आली, ओळी सरकल्या, पानाच्या तळाशी एक ओळ वर-खाली झाली आणि स्थिरावली. पडद्यावर कडी परत बसली होती. गठ्ठ्यांत नव्हती.

अक्काच्या प्रतीत त्याने स्वतः पेनाने लिहिलं. ती दोन वाक्यं एक रेघ मारून खोडली आणि समासात जुनी उतरवली, बारीक अक्षरात, जागा पुरेना तशी तिरकी. ती बघत होती. "अक्षर काय कुत्र्याच्या पायासारखं," ती म्हणाली, पण तिने ते पान उघडंच ठेवलं शाई वाळेपर्यंत. नंतर तो जेव्हा जेव्हा गेला तेव्हा ते पुस्तक उशाशी होतं. एकदा त्याने उचलून पाहिलं, तळहातावर ठेवलं. ते कुठेच उघडलं नाही. नव्या बांधणीचा कणा अजून ताठ होता. त्याला सैल पडायला वेळ लागणार होता, आणि अक्काकडे तेवढा वेळ नव्हता. थंडी संपता संपता ती गेली. झोपेत गेली, दार नुसतं लोटलेलं होतं, आणि त्याने ते ढकलताच ते उघडलं.

पुढची आवृत्ती त्या मानाने लवकर निघाली, त्या प्राध्यापक बाईंच्या अभ्यासक्रमामुळे. प्रकाशकाची मुलगी म्हणाली, शेवटचं वाक्य परत घालता का, मुलांची सोय होईल. त्याने ते घातलं नाही. ते वाक्य खोटं होतं हे आता त्याला आणखीच नीट कळलं होतं, त्या घरातली दारं सुतार मेल्यावरही उत्तम लागत होती. त्याने छत्रीही परत टांगली नाही. अर्पणपत्रिका बदलावीशी वाटली, पण तीही बदलली नाही. मुखपृष्ठावर या वेळी सुधारित असं काही छापू नका, एवढं मात्र त्याने सांगितलं.

अक्काचा चष्मा घरात राहिला होता. बायको म्हणाली, कोणाला तरी उपयोग होईल, देऊन या. तो चष्म्याच्या दुकानात गेला तेव्हा दुकानदार नव्हता, गल्ल्यावर मुलगी एकटी होती आणि तिच्यासमोर ही पुढची आवृत्ती पालथी घातलेली होती. तिने डबी उघडून भिंगं पाहिली, फ्रेम चांगली आहे म्हणाली, गरजू माणसाला नवी भिंगं घालून देऊ. मग जरा घुटमळली. "काका, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"मैत्रिणीला वाचायला म्हणून ही घेतली आणि परत वाचत बसले. आमच्या आधीच्या पुस्तकात ते दार अडकलेलं होतं. ती बिचारी आतून ओढत होती. मला फार रडू आलं होतं तिच्यासाठी." तिने पुस्तक सुलटं केलं, पान शोधलं, बोट ठेवलं. "यात ती कडी घालते. मुद्दाम. एवढं वाईट का केलंत तिला?"

तो तिच्या बोटाकडे बघत राहिला. इतक्या जणांतून कोणीतरी तिथे आलं होतं. त्याला एकाच वेळी हसावंसं वाटलं आणि काउंटर धरावंसं, आणि त्याने काउंटर धरलं. काचेखाली चष्म्यांच्या रांगा होत्या, डोळे नसलेल्या. तिला सगळं सांगता आलं असतं. वाकडं झालेलं तोंड, पेन्सिल, पाठीत बसणारे बुक्के. पण ते सांगितलं की पुन्हा तेच झालं असतं. त्याने अक्काच्या वतीने दार उघडून दिलं असतं.

"कडी मी नाही घातली," तो म्हणाला. "तिने घातली."

मुलगी वाट बघत राहिली, पुढे काही येईल म्हणून. मग तिने मान खाली घातली आणि ते पान पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतलं. तो बाहेर पडला आणि दुकानाचं काचेचं दार त्याने आपल्यामागे हळूच लावून घेतलं.